तोट्याची शाखा झेरॉक्समध्येही दिसली पाहिजे

प्रश्न: आमची सांगली जिल्ह्यात नऊ शाखांची पतसंस्था आहे. वार्षिक अहवालात शाखावार नफा-तोट्याचा आलेख घालायचा आहे. नफा उजवीकडे एका रंगात, तोटा डावीकडे दुसऱ्या रंगात, असा एक्सेलमध्ये काढून बघितला. पण शाखांची नावं तोट्याच्या पट्ट्यांवर चढतात आणि वजा आकडे नीट वाचता येत नाहीत. काय करावं?

उत्तर:

नावांचं काम एका सेटिंगचं आहे, ते आधी उरकून घ्या. शाखांच्या नावांवर क्लिक करा, `Ctrl+1` दाबा, उघडलेल्या `Format Axis` मध्ये `Labels` खाली `Label Position` आहे, तिथे `Next to Axis` च्या जागी `Low` निवडा. एक्सेल नावं शून्याच्या रेषेला चिकटवून ठेवतं आणि तोट्याच्या पट्ट्या त्याच रेषेपासून डावीकडे निघतात, म्हणून दोघांची टक्कर होते. `Low` केलं की नावं आलेखाच्या अगदी डाव्या कडेला जाऊन बसतात.

वजा आकड्यांचं मात्र एका सेटिंगवर भागत नाही. मी गेली बरीच वर्षं सांगली-साताऱ्याकडच्या संस्थांच्या अहवालांचे आलेख करतो. त्यात सगळ्यात जास्त घोळ मी तोट्याच्या आकड्यांतच पाहिलेत, आणि त्यातले निम्मे आलेखाच्या आधीच, कॉलममध्ये झालेले असतात. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

उदाहरणासाठी मी आकडे मनाने घेतो, लाखात. सांगली २३.४, मिरज १४.२, तासगाव ९.१, विटा ६.८, पलूस २.३, आटपाडी ०.४ हे नफ्यात. शिराळा १.६, कवठेमहांकाळ ५.२, जत ८.७ हे तोट्यात. नफ्याची बेरीज ५६.२, तोट्याची १५.५, आणि संस्थेचा निव्वळ नफा ४०.७ लाख. हा ४०.७ लक्षात ठेवा, तो पुढे उपयोगी पडणार आहे.

शाखेच्या नफा-तोटा पत्रकात डावीकडे खर्च आणि उजवीकडे उत्पन्न असतं. नफा झाला की तो डाव्या बाजूला लिहून दोन्ही बाजू जुळवतात, तोटा झाला की उजव्या बाजूला. दोन्ही ठिकाणी आकडा साधाच छापलेला असतो, वजाची खूण नसते, कारण तो कोणत्या बाजूला आहे यावरूनच हिशेबनीसाला कळतं. नऊ पत्रकं समोर घेऊन एकामागून एक शेवटचा आकडा टाइप करत गेलं की जतचे ८.७ लाख सहज नफा म्हणून जातात. दुसरा प्रकार सॉफ्टवेअरचा. काही जुनी शाखा-सॉफ्टवेअर रिपोर्टमध्ये वजाची खूण आकड्याच्या मागे टाकतात, म्हणजे `870000-` असं. एक्सेल त्याला आकडा न मानता मजकूर समजतं. थेट त्यावर आलेख काढला तर त्या शाखेची पट्टी शून्य लांबीची येते, म्हणजे दिसतच नाही, आणि `SUM` सुद्धा त्याला गुपचूप वगळतो.

हे पकडायचं कसं? रुपयांच्या कॉलमची बेरीज घ्या, मुख्य कार्यालयाचा हिशेब शाखांपासून वेगळा असेल तर त्याचाही नफा-तोटा तिच्यात धरा, आणि संस्थेच्या एकत्रित नफा-तोटा पत्रकातल्या निव्वळ नफ्याशी ताडून बघा. जत नफ्यात धरलं गेलं असेल तर ४०.७ च्या जागी ५८.१ येईल. फरक १७.४, म्हणजे ८.७ ची बरोबर दुप्पट. जत मजकूर म्हणून वगळलं गेलं असेल तर बेरीज ४९.४ येईल, फरक बरोबर ८.७. म्हणजे फरक एखाद्या शाखेच्या आकड्याची दुप्पट असेल तर तिची खूण उलटी झालेली आहे, आणि फरक तेवढाच असेल तर ती शाखा बेरजेत आलेलीच नाही. हे ताडून बघणं रुपयांतच करा. लाखात गोल केल्यावर नऊ शाखांत मिळून ०.१-०.२ चा फरक नुसत्या गोल करण्यानेही पडू शकतो आणि मग खरी चूक त्याच्या आड लपते.

मागे वजा असलेला कॉलम दुरुस्त करायला एकेक आकडा पुन्हा टाइप करू नका. कॉलम निवडा, `Data` मध्ये `Text to Columns` घ्या आणि पहिल्याच खिडकीत `Finish` दाबा. मागची वजाची खूण पुढे आणायची सोय त्यात आधीपासून चालू असते, त्यामुळे `870000-` चं `-870000` होतं. झालं की नाही हे नजरेनेही कळतं: मजकूर खान्यात डावीकडे चिकटतो, आकडा उजवीकडे.

आता मांडणी. `A` मध्ये शाखा, `B` मध्ये रुपये, आणि पुढचे तीन कॉलम सूत्रांचे:

```
C2: =ROUND(B2/100000,1)
D2: =MAX(C2,0)
E2: =MIN(C2,0)
```

`D1` मध्ये "नफा" आणि `E1` मध्ये "तोटा" लिहा. सूत्रं खाली ओढा आणि मग सगळा तक्ता `B` कॉलमवर मोठ्याकडून लहानाकडे लावून घ्या. वर्णानुक्रमाने लावलात तर नफ्याच्या आणि तोट्याच्या पट्ट्या एकमेकींत मिसळतात आणि वाचणाऱ्याला किती शाखा तोट्यात हे मोजत बसावं लागतं. क्रमाने लावलं की तोट्यातल्या तिन्ही शाखा तळाला एकत्र येतात, सगळ्यात मोठा तोटा अगदी खाली.

दोन कॉलम कशाला, असं तुम्ही विचाराल. एकाच कॉलमवरही दोन रंग येतात: पट्टीवर `Ctrl+1`, `Fill` मध्ये `Solid fill`, आणि खाली `Invert if negative` ला टिक केली की रंगाचे दोन डबे दिसतात. घाईच्या वेळी ते चालतं. पण त्यात सूचीमध्ये एकच रंग येतो, तोट्याचा रंग कशाचा हे तिथे लिहिलेलं नसतं. आणि फाइल कुणी एक्सेल २००७ वर उघडली तर तिथे दुसरा रंग निवडायची सोयच नाही, तोट्याची पट्टी पांढरी होते. दोन वेगळे कॉलम असले की नफा आणि तोटा या दोन स्वतंत्र मालिका होतात. रंग, आकड्यांची मांडणी, अक्षराचा ठळकपणा, सगळं ज्याचं त्याला देता येतं. अहवालासाठी मी नेहमी हेच करतो.

`A1:A10` निवडा, `Ctrl` दाबून धरा आणि `D1:E10` निवडा. मग `Insert` मधून `Clustered Bar`, म्हणजे आडव्या पट्ट्या. उभ्या खांबांत "कवठेमहांकाळ" तिरकं होतं किंवा कापलं जातं, आडव्या पट्टीत ते सरळ एका ओळीत बसतं. `Stacked Bar` घेऊ नका. तो दिसायला सारखाच येतो, पण त्यात आकडा पट्टीच्या टोकाबाहेर ठेवायची सोय नाही आणि आपल्याला नेमकी तीच लागणार आहे.

आलेख आला की दोन गोष्टी विचित्र दिसतील. पट्ट्या नावांच्या समोर न येता थोड्या वर-खाली सरकलेल्या असतील, कारण प्रत्येक शाखेत एक्सेलने दुसऱ्या मालिकेच्या शून्यासाठीही जागा सोडली आहे. पट्टीवर `Ctrl+1` करून `Series Overlap` ला `100%` आणि `Gap Width` ला `50%` द्या. दुसरं म्हणजे सांगली तळाला आणि जत वर आलेलं असेल. नावांच्या अक्षावर जाऊन `Categories in reverse order` ला टिक करा, क्रम तक्त्यासारखा होईल.

आता मूळ मुद्दा, आकडे. नफ्याच्या पट्ट्यांवर उजवं क्लिक करून `Add Data Labels` घ्या, तोट्याच्या पट्ट्यांनाही तसंच, आणि दोन्हीकडे `Label Position` मध्ये `Outside End` ठेवा. लगेच शून्याच्या रेषेवर `0` ची रांग उभी राहील, कारण नफ्याच्या मालिकेत तोट्यातल्या शाखांचे शून्य आहेत आणि तोट्याच्या मालिकेत नफ्यातल्या शाखांचे. ते एकेक पुसत बसू नका. लेबलवर `Ctrl+1`, खाली `Number`, `Category` मध्ये `Custom`, आणि `Format Code` मध्ये नफ्यासाठी पहिली ओळ, तोट्यासाठी दुसरी ओळ टाकून `Add` दाबा:

```
+0.0;;
;"तोटा "0.0;
```

अर्धविरामांनी तीन कप्पे पडतात: पहिला अधिक आकड्यांचा, दुसरा वजा आकड्यांचा, तिसरा शून्याचा. जो कप्पा रिकामा तो आकडा छापलाच जात नाही, म्हणून शून्यांची रांग नाहीशी होते. दुसऱ्या कप्प्यात स्वतः काही लिहिलं की एक्सेल आपणहून वजाची खूण लावत नाही, त्यामुळे जतच्या पट्टीच्या टोकाशी `तोटा 8.7` एवढंच येतं. अहवालात आकडे देवनागरीत हवे असतील तर तोट्याचा कोड `;[$-4000439]"तोटा "0.0;` असा लिहा, आणि नफ्याच्या कोडमध्येही सुरुवातीला तोच कंस घाला.

वजाची खूण न लावता शब्द लिहायचं कारण सांगतो. काही वर्षांपूर्वी एका संस्थेचा असाच आलेख मी केला होता, वजाच्या खुणेसह, अगदी व्यवस्थित. छापखान्यात तो त्यांच्या पद्धतीने पुन्हा जुळवला गेला, आकडे पुन्हा टाइप झाले आणि तीन शाखांच्या आकड्यांची वजाची बारीक आडवी रेघ गळून पडली. प्रुफावर माझीही नजर चुकली. सभेच्या दिवशी एका वयस्क सभासदांनी उभं राहून विचारलं, "एवढा चांगला नफा आहे तर ही शाखा हलवायचा ठराव कशाला आणलाय?" त्यांचं काही चुकलं नव्हतं. पट्टी डावीकडे होती, पण डावीकडे म्हणजे तोटा हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि आकड्यावर काहीच खूण नव्हती. तेव्हापासून सभासदांसाठी जाणाऱ्या प्रत्येक आलेखावर मी "तोटा" हा शब्दच छापतो. रेघ गळते, शब्द गळला तर जुळारीच्याही लक्षात येतं.

एक सांभाळा: "तोटा" आणि वजाची खूण दोन्ही एकत्र लिहू नका. "तोटा -८.७" वाचून बारकाईने वाचणारा सभासद थांबतो, की वजा तोटा म्हणजे नफा का? लेखापरीक्षकाच्या सवयीचे कंस, म्हणजे (८.७), ऑडिट रिपोर्टच्या पानावर चालतात. सभासद मात्र कंसातला आकडा जास्तीची माहिती समजून सोडून देतात.

शब्द आला की जागा जास्त लागते, आणि इथे नावांची टक्कर परत येते. `Low` केल्यावर नावं डाव्या कडेला आहेत. सगळ्यात लांब तोट्याची पट्टी त्या कडेपर्यंत गेली तर `तोटा 8.7` ला बसायला जागाच उरत नाही, तो नावावर चढतो. एक्सेलने आपणहून अक्ष -१० पासून सुरू केला तर जतची पट्टी जवळजवळ कडेलाच टेकते. म्हणून अक्षाची टोकं हाताने द्या. आलेखाचा पट्ट्यांचा भाग छापील बारा सेंटिमीटर रुंद धरला आणि अक्ष -१५ ते २८ ठेवला, तर ४३ लाखांना बारा सेंटिमीटर मिळतात, म्हणजे एका लाखाला पावणेतीन मिलिमीटर. जतच्या टोकापासून कडेपर्यंत ६.३ लाख उरतात, म्हणजे सुमारे पावणेदोन सेंटिमीटर. दहा पॉइंटच्या अक्षरात `तोटा 8.7` तेवढ्यात आरामात बसतं. आडव्या अक्षावर `Ctrl+1` करून `Bounds` मध्ये `Minimum` ला `-15` आणि `Maximum` ला `28` लिहा.

प्रत्येक पट्टीवर आकडा आहे म्हटल्यावर खालच्या अक्षावरचे आकडे आणि मागच्या उभ्या रेषा लागत नाहीत. रेषा खुशाल पुसून टाका. आडवा अक्ष मात्र `Delete` करू नका, त्याचं `Label Position` फक्त `None` करा, म्हणजे टोकं पुन्हा बघायची असली तर ती जागेवर सापडतात. शून्याची रेषा उलट ठळक हवी, एक-सव्वा पॉइंटची, काळी. नावांच्या अक्षाची `Line` म्हणजेच ती रेषा.

रंगांचं म्हणाल तर हिरवा-लाल टाळा. सवयीने तेच सुचतात हे मला ठाऊक आहे. पण आपले अहवाल रंगीत छापले तरी तालुक्याच्या शाखांत त्यांच्या झेरॉक्स फिरतात. पडद्यावरचा रंग करड्यात बदलायचं जे नेहमीचं सूत्र आहे, त्यात शुद्ध लाल `#FF0000` चा करडेपणा २५५ पैकी ७६ येतो आणि गडद हिरव्या `#008000` चा ७५. म्हणजे झेरॉक्सवर दोन्ही पट्ट्या हुबेहूब एकच. शिवाय ज्यांना लाल-हिरवा वेगळा ओळखता येत नाही अशी माणसं, विशेषतः पुरुष, कोणत्याही सभेत असणारच.

तोट्याला लाल हवाच, कारण लाल शाई म्हणजे तोटा हे आपल्याकडे सगळ्यांना कळतं. मग बदल नफ्याच्या बाजूने करा. तोट्याला गडद लाल `#B2182B` द्या, नफ्याला फिकट निळा `#67A9CF`. करड्यात पहिला ७२ च्या आसपास जातो, दुसरा १५४ च्या. झेरॉक्सवर तोट्याच्या पट्ट्या काळपट आणि नफ्याच्या फिकट उमटतात, आणि नजर आधी तोट्यावर जाते. आकड्यांची अक्षरं मात्र दोन्हीकडे काळीच ठेवा. फिकट निळी अक्षरं पांढऱ्या कागदावर वाचवत नाहीत.

आटपाडीकडे वेगळं बघा. ०.४ लाखाची पट्टी वरच्या हिशेबाने जेमतेम एक मिलिमीटर लांब येते. ती नफ्यात की तोट्यात हे रंगावरून कळणार नाही, `+0.4` वरूनच कळेल, आणि म्हणून नफ्याच्या आकड्यालाही अधिकची खूण लावली आहे. एखादी शाखा बरोबर शून्यावर असेल, समजा मार्चमध्येच उघडलेली, तर आपल्या कोडमुळे तिच्यापुढे काहीच छापलं जाणार नाही. तिच्या नावातच "(नवी)" लिहा, नाहीतर आकडा राहून गेला असं वाटतं.

तुमच्या खऱ्या आकड्यांत मुख्य शाखा एकटीच फार मोठी असेल, बाकीच्या शाखांच्या दहापट वगैरे, तर बाकीच्या पट्ट्या काडीएवढ्या होतील. अशा वेळी पट्टी मध्येच तोडून दाखवू नका, आणि नफ्याचा एक व तोट्याचा एक असे दोन आलेखही करू नका. दोन आलेखांची मापं वेगळी पडतात आणि पाच लाखांचा तोटा वीस लाखांच्या नफ्याएवढा लांब दिसू लागतो. मुख्य शाखा आलेखातून काढा आणि तिचा आकडा शीर्षकाखालच्या ओळीत स्वच्छ लिहा.

त्या ओळीत आणखी एक गोष्ट आलीच पाहिजे. जतसारखी शाखा ठेवी भरपूर गोळा करते, पण कर्ज थोडंच वाटते. तिचा जास्तीचा पैसा मुख्य कार्यालय वापरतं. त्या पैशावर मुख्य कार्यालयाने शाखेला व्याज जमा दिलं असेल तर शाखा नफ्यात दिसू शकते, दिलं नसेल तर ठेवींच्या व्याजाखालीच ती तोट्यात जाते. शाखेचं काम तेच, पण पट्टी डावीकडची उजवीकडे जाते. थकीत कर्जांची तरतूद शाखांवर टाकली आहे की मुख्य कार्यालयात ठेवली आहे, यानेही तसंच होतं. म्हणून शीर्षकाखाली लहान अक्षरात "आकडे लाख रुपयांत, मुख्य कार्यालयाचे व्याज धरून, तरतुदीपूर्वी" असं, जे तुमच्याकडे खरं असेल ते, लिहा. जतच्या शाखाधिकाऱ्यांना सभेत उत्तर द्यावं लागतं, त्यांच्यावर हा अन्याय होऊ देऊ नका.

छापखान्यात देताना एक्सेलची फाइल देऊ नका. आपल्याकडच्या बऱ्याच छापखान्यांत अजून जुन्या मराठी फाँटवर जुळणी होते, आणि युनिकोडमधली नावं तिथे चौकोन किंवा प्रश्नचिन्हं होऊन पडतात. मग ती पुन्हा टाइप होतात, आणि माझं झालं तेच तुमचं होतं. आलेख निवडून `File`, `Export`, `Create PDF/XPS` ने पीडीएफ करा आणि "चित्र म्हणून जसंच्या तसं लावा" असं सांगा. प्रूफ आलं की त्याची एक साधी काळी-पांढरी झेरॉक्स काढा आणि हिशेबाशी संबंध नसलेल्या कुणालातरी, शिपाईमामांना किंवा कॅशियरना, ती देऊन विचारा की तोट्यातल्या शाखा कोणत्या आणि सगळ्यात जास्त तोटा कुणाचा. शिराळा, कवठेमहांकाळ, जत ही तीन नावं आणि ८.७ हा आकडा त्यांनी न अडखळता सांगितला की प्रुफावर सही करा.